ये, या आणि यावं

‘उशीर झाला, ये ना.’ ‘उशीर झाला, या ना.’ ‘उशीर झाला, आता यावं.’

तिन्ही वाक्यांत कुणीतरी कुणालातरी बोलावतंय. कोण, कुणाला, हे कुठेच सांगितलेलं नाही. तरीही पहिलं वाक्य ऐकल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मैत्रीण, आई, मूल किंवा विठोबा येतो. दुसऱ्यात जुन्या घरातला नवरा किंवा पाहुणे येतात. तिसऱ्यात एखादे महाराज, नाहीतर दुरून हात जोडून विनवलेली देवता. फक्त क्रियापदाचं शेपूट बदललं आणि समोरचा माणूस बदलला, बोलणाराही बदलला. आपण हे इतक्या सहज ओळखतो की त्यात काही नवल आहे हेच विसरतो.

गीतकाराच्या हाती ही फार मोठी सोय आहे. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हे शब्द उच्चारावे लागतच नाहीत. ‘येशील’ म्हटलं की तू, ‘याल’ म्हटलं की तुम्ही. नातं क्रियापदातच शिवलेलं असतं, म्हणून गाण्याच्या पहिल्या दोन-तीन शब्दांतच ऐकणाऱ्याला अंतराचा अंदाज येतो. नायिकेचं नाव, तिचं वय, तिचं घर हे सगळं नंतर कळतं.

हिंदी गाण्यांची सवय असलेल्याला इथे एक जागा रिकामी दिसते. हिंदी-उर्दूत तू आणि आप यांच्यामध्ये ‘तुम’ आहे, आणि हिंदी सिनेमातल्या कितीतरी प्रेमगीतांचा संसार या ‘तुम’वरच चालतो: जवळीक आहे, तरी थोडा आबही आहे. मराठीत हा मधला पाट नाही. ‘आपण’ आहे, पण तो फार औपचारिक, आणि शिवाय ‘आपण दोघे’ या अर्थानेही वापरला जातो. म्हणजे रोजच्या व्यवहारात उरतात दोनच. मराठी प्रेमगीताला पहिल्या ओळीतच ठरवावं लागतं, एकदम जवळ जायचं की अदबीने थांबायचं. हिंदीतलं ‘तुम’चं गाणं मराठीत आणताना सरसकट ‘तुम्ही’ घातलं, तर प्रियकर-प्रेयसीचं गाणं चट्कन नवरा-बायकोचं होतं, नाहीतर लावणीचं.

हे सगळं एकाच ठिकाणी, जणू प्रयोगासाठी मांडून ठेवल्यासारखं पाहायचं असेल तर गीतरामायण उघडावं. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली ही 56 गीतं 1955 च्या रामनवमीपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक या क्रमाने प्रसारित झाली. कथा सगळ्यांना पाठ होती, त्यामुळे पुढे काय होणार ही उत्सुकता नव्हतीच. गंमत होती ती कोण बोलतंय आणि कसं बोलतंय यात. बहुतेक प्रत्येक गीत एकाच पात्राच्या तोंडी आहे, आणि त्यातली अनेक गीतं थेट रामाला उद्देशून आहेत. ऐकणारा तोच, बोलणारे निराळे. राम कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुणाचा थोरला भाऊ आणि कुणाचा देव आहे, हे फक्त क्रियापदं वाचून सांगता येतं.

कौसल्येपासून सुरुवात करू. वनवासाला निघालेल्या रामाला ती अडवते तेव्हा ती ‘रे’ म्हणते आणि नकाराचं एकवचन वापरते. सिंहासनावर बसायला निघालेला युवराज तिच्या लेखी उंबरठा ओलांडून जाऊ पाहणारा मुलगा आहे. राणीने राजपुत्राशी बोलायची रीत इथे गळून पडते. ‘रामराया’ असा राजेपणाचा शब्द ती वापरते खरी, पण बाजूला ‘रे’ आहे, त्यामुळे तो शब्द दरबारी न राहता लाडाचा होतो.

त्याच घरातली सून मात्र वेगळं बोलते. वनवासाच्या वेळी निरोप घेणाऱ्या रामाला सीता उत्तर देते ते आदरार्थी क्रियापदात. सोन्याच्या हरणाचा हट्ट धरते तो ‘द्या’च्या रूपात, ‘दे’च्या नव्हे. पुढे अयोध्येत परतल्यावर डोहाळे सांगते तेव्हाही आज्ञा अनेकवचनी. तीन अगदी वेगळे प्रसंग: एकात ती निग्रहाने उभी आहे, एकात हट्टी आहे, एकात तृप्त. सूर बदलतो, पण ‘तुम्ही’ सुटत नाही. 1955 साली रेडिओपुढे बसलेल्या बायकांना यात काही विशेष वाटलं नसणार, कारण त्याही नवऱ्याला ‘अहो’च म्हणत होत्या. मला मात्र हरणाच्या गाण्यात या ‘तुम्ही’चं काम फार मोठं वाटतं. ‘दे’ म्हटलं असतं तर तो नुसता लाडिक हट्ट झाला असता. ‘द्या’ म्हटल्यामुळे हट्टावर मर्यादेचं पांघरूण पडतं, आणि अशी अदबीने केलेली मागणी रामाला नाकारता येत नाही.

आता शूर्पणखा. ती रामाला पंचवटीत पहिल्यांदाच पाहते, ओळख नाही, नाव माहीत नाही, आणि पहिल्याच प्रश्नात ‘तू’. अनोळखी राजकुमाराला अनोळखी बाईने ‘तू’ म्हणणं म्हणजे ओळखीची पायरीच गाळणं. सीता आणि शूर्पणखा या दोघींच्या रामाशी असलेल्या नात्यातलं अंतर माडगूळकरांनी कुठलंही वर्णन न करता दाखवलंय. एकीला हक्क आहे आणि ती ‘तुम्ही’ म्हणते, दुसरीला हक्क नाही आणि ती ‘तू’ म्हणते. दुसरीचं गाणं मोहक आहे, म्हणून त्यातली धिटाई जास्त जाणवते.

सीतेच्या तोंडीही ‘तू’ येतो, पण तो कुणासाठी? दारात आलेल्या याचकाला ती निघून जायला सांगते तेव्हा. आधी नवऱ्याला ‘द्या’ म्हणणारी सीता आता एकवचनी झिडकारते. हा ‘तू’ दूर ढकलणारा आहे. आणि शेवटी, गर्भवती असताना अरण्यात सोडली जाते तेव्हाही ती ‘तू’ वापरते, तो लक्ष्मणाला विचारताना. इथला ‘तू’ धाकट्या दिराचा, आधाराचा. एकाच बाईच्या एकाच शब्दात तिरस्कारही मावतो आणि विसंबून राहणंही. रूप तेच, अर्थ प्रसंगातून येतो. राम त्या शेवटच्या क्षणी समोर नाही, म्हणून ‘तुम्ही’ म्हणायला कुणी उरलेलंच नाही, हे लक्षात आलं की ते गीत आणखी जड होतं.

भरताचं गीत ऐकताना कान टवकारावेत असं आहे. तो पादुका मागतो तेव्हा ‘आपुल्या’ आणि ‘द्या’ अशा सगळ्यात अदबीच्या रूपांत मागतो. सख्खा भाऊ, पण बोलतो ते राजाशी बोलावं तसं. कारण त्या क्षणी त्याला सिद्ध करायचंय की राजा तूच आहेस, मी नाही. त्याच्या व्याकरणात त्याचा राज्यत्याग आहे. आणि राम? त्याचं भरताला समजावणारं प्रसिद्ध गीत एकवचनात आहे. भरत रामाला राजा करतो, राम भरताला भाऊच ठेवतो. हा झगडा युक्तिवादाने चाललाय असं आपल्याला वाटतं, पण निम्मा झगडा सर्वनामांनी चालला आहे.

मग अहिल्या. शापातून सुटलेली ही ऋषिपत्नी रामाला ‘तुझे चरण’ म्हणते. वयाने ती मोठी आहे म्हणून नव्हे. तिच्यासाठी राम आता दशरथाचा मुलगा नाही, देव आहे, आणि देवाला मराठीत ‘तू’ म्हणतात. म्हणजे आईचा ‘तू’ आणि भक्ताचा ‘तू’ सारखाच दिसतो, बायकोचा ‘तुम्ही’ त्यांच्या मधोमध एकटा उभा राहतो. हनुमान मात्र तिसरी वाट काढतो. वर मागताना त्याचं मुख्य मागणं ‘द्यावा’ असं आहे. ‘दे’ म्हणण्याची सलगी नाही, ‘द्या’ म्हणण्याची व्यवहारी अदब नाही. ‘वा’ किंवा ‘वे’ लागला की सर्वनाम अदृश्य होतं आणि उरते ती नुसती इच्छा. सेवकाने स्वतःला इतकं मागे घेतलंय की समोरच्याला हाकही थेट मारायची नाही.

या ‘वे’ची परंपरा जुनी आहे. ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितलं ते ज्याच्याकडे मागितलं त्याला संपूर्ण प्रार्थनेत एकदाही ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ न म्हणता. देवाने तोषावं, द्यावं, असं व्हावं. मराठीतली इतकी म्हटली जाणारी प्रार्थना या सर्वनामांशिवाय उभी आहे. शाळेच्या प्रांगणात रोज म्हणताना हे जाणवत नाही, कारण उणीव कुठे भासतच नाही.

पण वारकरी परंपरेचा रोजचा आवाज हा नाही. तो ‘तू’चा आहे, आणि तोही भांडणारा. तुकाराम विठोबाशी वाद घालतात, हिशेब मागतात, त्याची लाज काढून बोलतात. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, तिचे केस विंचरतो, आणि ती त्याच्यावर रुसते, रागावते. ‘तुम्ही’ म्हणून असं भांडता आलं असतं का? ‘तुम्ही’ म्हटलं की तक्रार अर्ज होते. भांडायला एकवचन लागतं.

संस्कृत स्तोत्रांत देवाला ‘त्वम्’ म्हणतात, तेव्हा हा वारसा तिथूनच आला असं म्हणून विषय संपवता येईल. वारसा आहेच. पण विठोबाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. तो विठाई झाला, विठाबाई झाला, माउली झाला. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पुरुष देवाला संतांनी स्त्रीलिंगी क्रियापद लावलं. ‘येतोस’च्या जागी ‘येतेस’. हे फक्त एकवचनातच नीट दाखवता येतं. ‘तुम्ही येता’मध्ये बाई आहे की पुरुष हे कळतच नाही, ‘तू येतोस, तू येतेस’मध्ये लगेच कळतं. देवाला आई करायचं असेल तर आधी त्याला ‘तू’ म्हणावं लागतं, नाहीतर व्याकरणच साथ देत नाही.

आता वारीतली गंमत पाहा. वारकरी एकमेकांनाही माउलीच म्हणतात. गर्दीत वाट हवी असेल तर ‘सरका माउली’, पुढे जायला सांगायचं असेल तर ‘चला माउली’. अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणून वर आदरार्थी क्रियापद. आणि ज्याच्यासाठी चाललोय त्या खऱ्या माउलीला ‘ये गं’. माणसाला तुम्ही, देवाला तू. परदेशी पाहुण्याला हे समजावताना माझी नेहमी तारांबळ उडते.

आईच्या गाण्यांत ‘तू’ इतका घट्ट बसलाय की दुसरं काही सुचतही नाही. माधव जूलियनांची आईवरची कविता घ्या. शब्दकळा पूर्ण संस्कृतप्रचुर, वृत्तबद्ध, शिष्ट. पण आईला हाक मारताना सर्वनाम ‘तुज’. भाषा कितीही उंच चढली तरी आई एकवचनीच. जुन्या घरांत वडिलांना ‘अहो बाबा’ आणि आईला ‘अगं आई’ असा भेद होता, आणि सासूला ‘अहो आई’. आईवरची गाणी ढीगभर आणि बाबांवरची मोजकी, याचं एक कारण मला या भेदात दिसतं. ‘तुम्ही’ म्हणून गळ्यात पडता येत नाही. गळ्यात न पडता लिहिलेलं गाणं गौरवगीत होतं. अलीकडे मुलं ‘अरे बाबा’ म्हणू लागली, आणि वडिलांवरची गाणीही एकवचनात येऊ लागली.

अपवाद आहे तो ऐतिहासिक नाटक-सिनेमांतला. तिथे शिवाजीराजे जिजाबाईंना ‘मांसाहेब, आपण’ म्हणतात. आणि तेच पात्र भवानीपुढे उभं राहिलं की ‘तू’ म्हणतं. जन्मदात्री आदरार्थी, जगदंबा एकवचनी. गोंधळातही देवीला ‘ये गं’ अशीच हाक जाते. प्रेक्षकांना यात विसंगती वाटत नाही, कारण मांसाहेबांचा ‘आपण’ हा राजघराण्याचा पोशाख आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

राहिली प्रेयसी. की प्रियकर? भावगीतातला ‘तू’ सरळ आहे, त्यावर फार थांबायला नको. खरी मौज लावणीत आहे. लावणीतली स्त्री समोरच्याला राया म्हणते, सरकार म्हणते, दाजी म्हणते, पाव्हणं म्हणते, आणि क्रियापद अनेकदा ‘तुम्ही’चं लावते: बसा, या, सांगा. वरून पाहिलं तर हा सीतेचाच ‘तुम्ही’. आत पाहिलं तर उलटा. सीता आदर देते म्हणून तुम्ही म्हणते. लावणीतली नायिका आदराचा पदर पुढे करून त्याआडून खेळते. समोर बसलेला माणूस पैसेवाला आहे, गावचा मानकरी आहे, त्याला ‘तू’ म्हणता येत नाही हे वास्तव आहेच. पण त्याच अदबीत ती त्याला नाचवते. बैठकीच्या लावणीत हे जास्त दिसतं, कारण तिथे गायिका बसून अदा करते आणि एकच ओळ निरनिराळ्या अर्थाने पुन्हापुन्हा सांगते. ‘या’ हा शब्द एकदा स्वागताचा, एकदा टोमण्याचा, एकदा थेट आमंत्रणाचा. अंतर राखून जवळ बोलावणं हे फक्त ‘तुम्ही’लाच जमतं, ‘तू’मध्ये अंतर आधीच संपलेलं असतं. व्ही. शांतारामांच्या ‘पिंजरा’मध्ये (1972, गीतं जगदीश खेबुडकरांची) तमाशातली नर्तकी आणि गावचे आदर्श मास्तर समोरासमोर आहेत. मास्तरांना सगळं गाव मान देतं, त्यांच्यापुढे ती अदबीचीच भाषा बोलते, आणि मास्तरांचा तोल जातो.

पेशवाईतला होनाजी हे दोन्ही सूर जाणून होता. शृंगाराच्या लावण्या लिहिणाऱ्या या शाहिराची कृष्णाला जागवणारी भूपाळी आजही म्हटली जाते; ‘अमर भूपाळी’ (1951) हा चित्रपट त्याच्यावरच आहे. भूपाळीत देवाला जागं करतात ते मुलाला उठवावं तसं, एकवचनी. फडात राया ‘तुम्ही’, पहाटे देव ‘तू’.

लिहिणाऱ्याच्या दृष्टीने यात काही खाचखळगे आहेत. पहिला मात्रांचा. ‘तू’ दोन मात्रांचा. ‘तुम्ही’ तीन, कारण मराठीत ‘म्ही’मुळे आधीच्या ‘तु’वर आघात येत नाही, तो लघुच राहतो. बांधलेल्या चालीत एक मात्रा वाढली की गायकाला शब्द चिरडावा लागतो. म्हणून आदर हवा पण जागा नाही अशा ठिकाणी कवी ‘तव’चा आधार घेतात. ‘तव चरण’ म्हटलं की व्याकरणाने एकवचन, दोनच मात्रा, आणि संस्कृतच्या वासामुळे आब आपोआप. ही फट जुन्या पदकर्त्यांनी भरपूर वापरली.

दुसरा खळगा लिंगाचा. ‘तू हसतोस’ लिहिलं की गाणं पुरुषाला बांधलं गेलं, ‘हसतेस’ लिहिलं की बाईला. गाणं कुणीही गावं असं वाटत असेल तर वर्तमानकाळ टाळायचा: ‘हसशील’ किंवा नुसतं ‘हस’. भविष्य आणि आज्ञा यांत समोरच्याचं लिंग दिसत नाही. भावगीतांत इतक्या विनवण्या आणि इतके ‘येशील का’ का असतात, याचं थोडं उत्तर इथेही असावं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. ‘ये’ आणि ‘या’, ‘दे’ आणि ‘द्या’, ‘बस’ आणि ‘बसा’ वेगळे आहेत. पण ‘जा’? तू जा, तुम्ही जा. ‘गा’, ‘खा’ तसंच. आकारान्त धातूंत आज्ञार्थ दोन्हीकडे सारखाच. मराठीत बोलावणारा माणूस आपलं नातं लपवू शकत नाही, जायला सांगणारा लपवू शकतो. अडवू लागला की पुन्हा उघडा पडतो, कारण ‘नको जाऊ’ आणि ‘नका जाऊ’ वेगळे होतात.

नवख्या गीतकाराची चूक ओळखायची असेल तर दोन्ही कडव्यांतली क्रियापदं शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या कडव्यात ‘तुझ्या डोळ्यांत’ आणि दुसऱ्यात यमक साधायला ‘सांगा’, असा प्रकार पुष्कळदा सापडतो. चालीच्या ओघात तो निसटतो, पण ऐकणाऱ्याला कुठेतरी टोचतं, जणू मधेच दुसराच माणूस खोलीत आला. हाच बदल जाणूनबुजून केला तर त्याला धार येते. सगळं गाणं ‘तू’मध्ये म्हणून शेवटी ‘बरं, या मग’ असं म्हटलं, तर एका अक्षरात नातं तुटल्याचं कळतं. घरच्या भांडणात आपण हेच करतो: रागावलेली आई लेकाला अचानक ‘जेवणार आहात का?’ असं विचारते.

आता नवरा-बायको एकमेकांना नावाने आणि ‘अरे’, ‘अगं’ने हाक मारतात, तेव्हा नव्या प्रेमगीतात ‘अहो’ आलं की ते जुन्या काळाचं सोंग किंवा लाडिक थट्टा वाटते. नऊवारी नेसून फोटो काढावा तसं. लावणीने मात्र ‘तुम्ही’ सोडलेला नाही, आणि फडात पाव्हण्यांना अजूनही ‘बसा’च म्हणतात.